आवक नंबर

२०२३ च्या जुलैमध्ये मी एका सहकारी साखर कारखान्यात लॅब केमिस्टच्या जागेसाठी अर्ज पाठवला. त्याचं उत्तर ऑक्टोबरमध्ये आलं. मधल्या तीन महिन्यांत एक स्मरणपत्र, एक फोन आणि तीन-चार ओळींच्या दोन ईमेल, एवढंच माझ्या हातून घडलं. पण ते तसं घडलं नसतं, तर माझा अर्ज आजही एका फायलीत पडून राहिला असता, हे मला नंतर कळलं. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं माझ्याशी चांगलीच वागली.

मी रसायनशास्त्रात बी. एस्सी. केलं आणि नंतर दोन हंगाम मराठवाड्यातल्या एका खासगी कारखान्याच्या लॅबमध्ये काढले. रसाचं ब्रिक्स, पोल, प्युरिटी, पाळीप्रमाणे नमुने, रात्रपाळीचं रजिस्टर. काम आवडत होतं, पण घरापासून फार लांब होतो. वडिलांची तब्येत बरी नसायची. म्हणून २ जुलैच्या रविवारच्या पेपरात आमच्या भागातल्या कारखान्याची जाहिरात दिसली तेव्हा वाटलं, हीच जागा. अर्ज १२ जुलैपर्यंत कार्यकारी संचालकांच्या नावे पोस्टाने पाठवायचे होते. मी गुरुवारी, ६ तारखेला, स्पीड पोस्ट केलं. शनिवारी दुपारी पोस्टाच्या साइटवर ‘डिलिव्हर्ड’ दिसलं आणि मी निर्धास्त झालो.

इथेच माझी पहिली समजूत चुकीची होती. पोस्टाच्या लेखी ‘डिलिव्हर्ड’ म्हणजे कारखान्याच्या माणसाने सही करून टपाल घेतलं, इतकंच. पुढे ते टपाल आवक लिपिकाकडे जातं. तो पाकीट फोडतो, शिक्का मारतो, रजिस्टरमध्ये नंबर देतो आणि कागद कोणत्या विभागाचा ते ठरवून तिकडे पाठवतो. हे ठरवताना त्याच्यासमोर दोनच गोष्टी असतात, पाकिटावरचा मजकूर आणि पत्रातली विषयाची ओळ. माझ्या पत्राचा विषय होता, ‘नोकरीसाठी अर्ज’. पाकिटावर पत्त्याशिवाय काहीच नव्हतं. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पाकिटावर पदाचं नाव लिहावं. ते मी वाचलं नव्हतं.

जुलै संपला. रोज संध्याकाळी आई विचारायची, ‘काही आलं का रे?’ मी नाही म्हणायचो. शेजारच्या काकांनी सुचवलं की एका संचालकाची चिठ्ठी घे, त्यांची ओळख आहे. एक मित्र म्हणाला, सरळ माहितीच्या अधिकारात अर्ज टाक, झक मारत उत्तर देतील. चिठ्ठीला मी त्याच दिवशी नको म्हणालो. लॅबमध्ये चीफ केमिस्टच्या हाताखाली काम करायचं असतं आणि वरून आलेल्या माणसाकडे तो पहिल्या दिवसापासून कसा बघतो, हे मी आधीच्या कारखान्यात पाहिलं होतं. माहिती अधिकाराचं मात्र मी शोधून पाहिलं. सरकारचा भरीव पैसा किंवा खोलवर नियंत्रण नसेल तर सहकारी संस्था त्या कायद्याखाली ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलेलं आहे. म्हणजे तो रस्ता खुला असेलच असं नव्हतं. असता तरी ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांना आधीच कायदा दाखवायला मला आवडलं नसतं.

शनिवारी, ५ ऑगस्टला, मी एक पत्र लिहिलं. अर्ज पाठवून चार आठवडे झाले होते आणि मुदत संपून तीन आठवड्यांवर दिवस गेले होते. मजकूर असा होता:

‘महोदय, मी एक महिन्यापूर्वी आपल्याकडे अर्ज पाठविला होता. अद्याप आपल्याकडून कोणतेही उत्तर आलेले नाही. मला दुसरीकडे संधी उपलब्ध असून त्याबाबत निर्णय घ्यावयाचा असल्याने आपण त्वरित कळवावे.’

पोस्टात टाकण्याआधी ते मामांना दाखवावं असं वाटलं, हे माझं नशीब. मामा दुसऱ्या एका कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी आयुष्यभर अशीच पत्रं उघडली. चष्मा लावून त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, ‘दुसरीकडे संधी आहे का तुला?’

‘नाही मामा. पण तसं लिहिलं की लवकर हलतात म्हणे.’

‘हलत नाहीत. ज्याला दुसरीकडे जागा आहे त्याचा कागद बाजूला ठेवायला सोपा जातो. शंभर अर्जांतला एक कमी झाला. आणि खोटं कशाला लिहायचं?’

मग त्यांनी ‘अद्याप’वर बोट ठेवलं. म्हणाले, ‘अद्याप म्हटलं की समोरचा चुकलाय असं होतं. ज्याच्या हातात हे पत्र पडणार आहे तो साधा क्लार्क आहे. उशीर त्याने केलेला नाही, पण हा शब्द त्यालाच वाचायचाय.’ ‘त्वरित कळवावे’ त्यांनी खोडूनच टाकलं. त्वरित हा शब्द वरून खाली जाणाऱ्या पत्रात असतो, साहेब क्लार्कला लिहितो तेव्हा.

पण त्यांचा मुख्य आक्षेप भाषेवर नव्हताच. ते म्हणाले, ‘हे पत्र घेऊन तो करणार काय? कोणता अर्ज? कुठल्या जागेचा? कधी आलेला? या दिवसांत कारखान्यात नोकरीचे अर्ज रोज येतात, जाहिरात असो वा नसो. तुझा शोधायचा म्हणजे त्याने जुलैचं अख्खं रजिस्टर चाळायचं. तो नाही चाळणार, आणि मी असतो तर मीही चाळलं नसतं.’

मग त्यांनी विचारलं, ‘पत्रावर स्मरणपत्र असं कुठे लिहिलंयस?’ मी म्हणालो, मजकुरावरून कळतंच की. त्यावर ते जे बोलले ते मला कधी सुचलं नसतं. मुदत १२ जुलैची. ऑगस्टमध्ये तुझ्या नावाचं पाकीट येणार, आत नोकरीचा विषय, सोबत बायोडेटा. घाईत असलेला माणूस त्याला नवा अर्ज समजणार आणि ‘मुदतीनंतर प्राप्त’ असा शेरा मारून मोकळा होणार. आधीचा वेळेवर पोचलेला अर्ज कुणाला आठवणारही नाही. म्हणजे आठवण द्यायला म्हणून पाठवलेलं पत्रच तुझं नाव बाद करायला पुरेसं.

आम्ही दोघांनी बसून नवं पत्र लिहिलं. ते जसंच्या तसं देतो, कारण नंतर अनेक मित्रांनी ते माझ्याकडून मागून नेलं.

‘स्मरणपत्र

प्रति,
मा. कार्यकारी संचालक साहेब,

विषय: लॅब केमिस्ट पदासाठी मुदतीत पाठविलेल्या अर्जाबाबत.

संदर्भ: १) आपली दि. २ जुलै २०२३ ची जाहिरात
२) माझा दि. ५ जुलै २०२३ चा अर्ज (स्पीड पोस्टने दि. ८ जुलै रोजी आपल्या कार्यालयास प्राप्त)

महोदय,

वरील जाहिरातीनुसार लॅब केमिस्ट या पदासाठी मी अर्ज पाठविला आहे. माझ्या अर्जाच्या विषयात व पाकिटावर पदाचे नाव लिहिण्याचे माझ्याकडून राहून गेले, त्यामुळे तो योग्य विभागाकडे पोचण्यात अडचण आली असण्याची शक्यता आहे. त्याबद्दल दिलगीर आहे. आपल्या सोयीसाठी मूळ अर्जाची प्रत व टपाल पावतीची छायाप्रत सोबत जोडली आहे.

माझा अर्ज या पदाच्या अर्जांमध्ये समाविष्ट आहे किंवा कसे, एवढे कळल्यास आभारी राहीन.

आपला विश्वासू’

खाली सही, पत्ता आणि मोबाइल नंबर. पाकिटावर डाव्या कोपऱ्यात ठळक अक्षरात ‘स्मरणपत्र – लॅब केमिस्ट पद’.

पाकिटाची चूक मला तेव्हाच कळली होती, कारण मामांनी जाहिरातीचं कात्रण मागितलं आणि बारीक अक्षरातली ती ओळ वाचून दाखवली. ती चूक पत्रात कबूल करावी का, यावर आमची थोडी चर्चा झाली. मला भीती वाटत होती की निष्काळजी म्हणतील. मामांचं म्हणणं, कागद चुकीच्या जागी गेला असेल तर त्याचं कारण तूच सांगून टाक. मग शोधणाऱ्याला आपल्या कार्यालयावर ठपका येईल अशी धास्ती राहत नाही आणि तो मोकळेपणाने शोधतो. हे मला पटलं, आणि आजही पटतं.

विचारलेली गोष्ट एकच आहे, हेही बघा. ‘माझी निवड होईल का’ किंवा ‘मुलाखत कधी’ या प्रश्नांचं उत्तर क्लार्कच्या हातात नसतं. ज्याचं उत्तर आपल्या हातात नाही ते पत्र माणूस साहेबांकडे पाठवतो आणि साहेबांच्या टेबलावर ते राहतं. अर्ज यादीत आहे की नाही, हे मात्र तो स्वतः पाहू शकतो.

सोमवारी, ७ ऑगस्टला, पत्र गेलं आणि बुधवारी पोचलं. पुढे आठ दिवस मी काही केलं नाही. पंधरा ऑगस्ट आणि दुसऱ्या दिवशीची पतेतीची सुट्टी मध्ये होतीच. १७ तारखेला, गुरुवारी, साडेअकराला जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला. वेळ मामांनीच सांगितली होती. सकाळी टपाल आणि साहेबांची सह्यांची वेळ, एकनंतर जेवण, चारनंतर घरी जायची लगबग. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर पगारपत्रकं चालू असतात, तेव्हा फोन करूच नये.

ऑपरेटरने फोन उचलला. मी ‘जाहिरातीबद्दल बोलायचंय’ म्हणालो असतो तर त्यांनी मला बहुतेक ऑफिसभर फिरवलं असतं. मी म्हणालो, ‘नमस्कार साहेब, आवक-जावक विभागात फोन जोडून देता का?’

तिथल्या क्लार्कचा आवाज थकलेला होता. मी नाव सांगितलं आणि लगेच तारीख सांगितली. ‘साहेब, ९ ऑगस्टला माझं स्मरणपत्र आपल्याकडे आलंय, लॅब केमिस्ट पदाचं. दोन मिनिटं वेळ असेल तर विचारू का? नसेल तर आपण म्हणाल तेव्हा परत करतो.’

‘थांबा,’ ते म्हणाले. रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज फोनमध्ये ऐकू येत होता. तो आवाज माझ्या अजून लक्षात आहे.

‘स्मरणपत्र आलंय. पण तुमचा मूळ अर्ज लॅबच्या गठ्ठ्यात नाही. थांबा हं… ८ जुलै ना? हां, आहे. जनरलला लावलाय.’

जनरल म्हणजे काय, ते त्यांनी मी न विचारता सांगितलं. जाहिरात नसताना येणारे नोकरीचे अर्ज एका वेगळ्या फायलीत ठेवतात. साहेबांनी मागितली तर ती फाइल निघते, नाहीतर नाही. माझ्या विषयाच्या ओळीत पद नव्हतं, जाहिरातीचा उल्लेख नव्हता, म्हणून अर्ज तिथे गेला होता. लॅब केमिस्टच्या अर्जांची यादी तयार होऊन चीफ केमिस्टकडे गेली होती आणि तिच्यात माझं नाव नव्हतं. अर्ज कुणी नाकारला नव्हता. तो कुणी वाचलाच नव्हता.

माझ्या पोटात खड्डा पडला. पण आवाज चढवून बोलण्यासारखं काही नव्हतंच, चूक माझी होती. मी म्हणालो, ‘माझ्याकडून विषय नीट लिहायचा राहिला. आता तो त्या गठ्ठ्यात घेता येईल का? मी काही करायला हवं का?’

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आलाय मुदतीत. आवक नंबर आहे, शिक्का आहे. पुरवणी यादीत लावतो. तुम्ही एक काम करा, सगळं एका पीडीएफमध्ये ईमेल करा, म्हणजे मला प्रिंट काढून चीफ केमिस्ट साहेबांकडे देता येईल.’ त्यांनी ईमेल पत्ता सांगितला. मी विचारलं, आवक नंबर सांगता का, ईमेलमध्ये लिहितो. त्यांनी दोन्ही पत्रांचे नंबर सांगितले. मुळात मुदतीत पोचलं नसतं तर ते काहीच करू शकले नसते, असंही ते म्हणाले. पोस्टाची पावती मी जपून ठेवली होती, पण इथे काम केलं ते त्यांच्याच रजिस्टरातल्या तारखेने.

फोन ठेवण्याआधी मी आणखी एक गोष्ट विचारली, आणि पूर्ण संवादात तीच मला सगळ्यात उपयोगी पडली: ‘पुन्हा कधी विचारलं तर आपल्याला सोयीचं होईल?’

‘आता सप्टेंबर अख्खा सर्वसाधारण सभेत जातो,’ ते म्हणाले. ‘अहवाल छपाईला गेलाय, नोटिसा काढायच्यात. गणपती होऊ द्या, सभा होऊ द्या. मग बघा.’

हे बहाणे नव्हते. सहकारी कारखान्याची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावीच लागते आणि त्या दोन महिन्यांत ऑफिसचं दुसरं कुठलंही काम पुढे सरकत नाही. इकडे गाळप कधी सुरू होणार ते मंत्री समितीच्या बैठकीत ठरतं. म्हणजे लॅबला माणूस लागणार हे ऑगस्टमध्येच सगळ्यांना माहीत असतं, पण तो कोणत्या तारखेला लागणार हे कुणालाच नसतं. माझ्या महिनाभराच्या तगमगीचं कारण माझ्या अर्जात जेवढं होतं तेवढंच या वेळापत्रकातही होतं. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे गणपतीही १९ सप्टेंबरला बसले, म्हणजे सगळं आणखी पुढे गेलं.

संध्याकाळी ईमेल पाठवली. विषयात पदाचं नाव, माझं नाव आणि आवक नंबर. आत तीन ओळी, पहिली ओळ फोनवर वेळ दिल्याबद्दल आभाराची. पीडीएफ एकच, तिचं नाव माझ्या नावाने आणि पदाने. आधी मी ती ‘स्कॅन’ नावाने जोडली होती, मग लक्षात आलं की ती उतरवून घेतली तर त्यांच्या कॉम्प्युटरवर तशा कितीतरी ‘स्कॅन’ असतील.

मग खरी परीक्षा होती ती गप्प राहण्याची. सहा आठवडे. दरम्यान मी आणखी एका, खासगी, कारखान्यालाही अर्ज केला होता. तिथे एक स्मरणपत्र आणि पंधरा दिवसांनी एक फोन झाला. फोनवर ‘कळवू’ एवढंच म्हणाले, पुढे काही आलं नाही. तिथे मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. कागद पोचलाय, माणसाने तो पाहिलाय आणि तरी उत्तर नाही, तर ते उत्तरच असतं. इथे मात्र क्लार्कनी स्वतः पुढची वेळ सांगितली होती, म्हणून परत विचारण्यात मला संकोच वाटला नाही.

२८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. सभा झाल्याची बातमी पेपरात वाचली. २ ऑक्टोबर सुट्टीचा, म्हणून ३ तारखेला, मंगळवारी, आधीच्याच ईमेलला उत्तर म्हणून लिहिलं, म्हणजे जुना मजकूर आणि पीडीएफची नोंद त्यांना खाली दिसेल.

‘नमस्कार साहेब, १७ ऑगस्टला आपण सांगितल्याप्रमाणे वार्षिक सभेनंतर लिहीत आहे. लॅब केमिस्ट पदाच्या मुलाखतींबाबत काही ठरले असल्यास कृपया कळवावे. माझा मोबाइल नंबर तोच आहे. मी कोणत्याही दिवशी येऊ शकतो.’

शेवटचं वाक्य मी विचार करून घातलं होतं. मुलाखतीची तारीख ठरवणाऱ्याला उमेदवारांच्या अडचणी सांभाळाव्या लागतात, तेवढा एक प्रश्न कमी.

गुरुवारी दुपारी उत्तर आलं. ११ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. आई देवापुढे साखर ठेवून आली.

मुलाखतीत चीफ केमिस्टनी नमुना घेण्याबद्दल आणि शेवटच्या मोलॅसिसमधल्या साखरेबद्दल विचारलं. त्यांच्यासमोर माझी फाइल उघडी होती. वर माझं स्मरणपत्र, खाली मूळ अर्ज, दोन्ही एकत्र टाचलेले. संदर्भातल्या जाहिरातीच्या तारखेखाली कुणीतरी लाल पेनने रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, ‘मुदतीत. पुरवणीत घ्यावा.’ बाहेर पडल्यावर मी आवक विभाग कुठे आहे ते विचारत गेलो. ते क्लार्क जेवायला बसत होते. मी फक्त नाव सांगून आभार मानले. त्यांना आधी आठवलं नाही, मग म्हणाले, ‘हां हां, जनरलवाले!’ आणि डबा पुढे केला.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी टपालाने आदेश आला, त्या हंगामासाठी शिफ्ट केमिस्ट म्हणून. कायम जागा नव्हती, हंगामी होती, पण घरापासून वीस किलोमीटरवर. १ नोव्हेंबरपासून गाळपाला परवानगी होती. आदेश मी मामांना वाचायला दिला. त्यांनी नेहमीप्रमाणे मजकुराआधी संदर्भ वाचला, मोठ्याने: ‘१) आपला दि. ५/७/२०२३ चा अर्ज. २) आपले दि. ७/८/२०२३ चे स्मरणपत्र.’